विषय : टीडीएसची दोन रिटर्न आणि ऑक्टोबरचे ३बी कुठे अडले आहे, याबाबत तक्रार

दिनांक : १७ नोव्हेंबर २०२५

प्रति,
भागीदार महोदय,
आमचे कर सल्लागार कार्यालय, नाशिक

स. न. वि. वि.

अंबड औद्योगिक वसाहतीतील आमच्या भागीदारी संस्थेची कर विवरणपत्रे आपल्या कार्यालयाकडे सोपवलेली आहेत. ऑगस्टपासून आम्ही विचारतो आहोत आणि दर वेळी एकच उत्तर मिळते : "काम चालू आहे, तुमचे काही कागद यायचे आहेत." कोणते कागद, हे एकदाही लेखी कळवलेले नाही. म्हणून आमच्या हिशेबाने काय भरायचे राहिले, त्यासाठी कोणता कागद कोणाकडे अडकला आहे आणि आधी काय भरले पाहिजे, ते या पत्रात लिहीत आहोत. यात चूक असेल तर ती दाखवून द्यावी. मोघम उत्तर मात्र आता नको.

आमच्या माहितीप्रमाणे आज तीन विवरणपत्रे बाकी आहेत. एप्रिल ते जून या पहिल्या तिमाहीचे २६क्यू, ज्याची मुदत ३१ जुलैला संपली. जुलै ते सप्टेंबरचे २६क्यू, ज्याची मुदत ३१ ऑक्टोबरला संपली. आणि ऑक्टोबरचे जीएसटीआर-३बी, ज्याची मुदत येत्या २० तारखेला आहे.

आधी टीडीएसचे बोलू. पहिल्या तिमाहीची खातेवही, जॉबवर्कची बिले आणि बँकेचे उतारे आपल्याला १२ जुलैलाच ईमेलने पाठवले होते. त्या तिमाहीत दोन प्रकारची कपात आहे. जॉबवर्कच्या १,६४,००० रुपयांच्या बिलांवर १ टक्क्याने १,६४० रुपये, आणि दोन भागीदारांच्या मेहनतान्यावर, म्हणजे दरमहा प्रत्येकी ३०,००० प्रमाणे १,८०,००० रुपयांवर, १० टक्क्यांनी १८,००० रुपये. भागीदारांच्या मेहनतान्यावर संस्थेने टीडीएस कापायचा, हे कलम १९४टी याच वर्षी १ एप्रिलपासून लागू झाले आहे. रक्कम भागीदाराच्या हातात पडो किंवा नुसती त्याच्या भांडवली खात्याला जमा होवो, जे आधी घडेल तेव्हा कापावे लागते. आम्ही ते वेळेवर कापले आणि भरले. रिटर्न मात्र गेले नाही. पैसे सरकारजमा झाले, पण २६क्यू नसल्यामुळे ते कोणाच्या पॅनवर चढले नाहीत. आमचे जॉबवर्कवाले आपले २६एएस उघडून पाहतात, त्यात आमची नोंद दिसत नाही, आणि ते आमच्याकडे विचारणा करतात. त्यांचे १६ए प्रमाणपत्रही रिटर्न भरल्याशिवाय निघत नाही.

आता कागदांचे. आपल्या कार्यालयातून फोनवर सांगण्यात आले की जूनचे चलन मिळालेले नाही. हे चलन ७ जुलैला भरलेल्या ६,००० रुपयांचे, कलम १९४टीचे. त्याचा सीआरएन आपल्याच कार्यालयाने आमच्या टॅनच्या लॉगिनमधून तयार केला होता. आम्ही फक्त नेट बँकिंगने पैसे दिले. बँकेच्या उताऱ्यात त्या दिवशीची नोंद आहे आणि तो उतारा आपल्याकडे आहे. आयकर पोर्टलवर टॅनने लॉगिन करून ई-पे टॅक्समध्ये पेमेंट हिस्टरी उघडली की चलन मिळते. त्यावर बीएसआर कोड, तारीख आणि क्रमांक असतो, आणि २६क्यूमध्ये तेवढेच भरायचे असते. जो कागद आपल्याच कार्यालयातून निघू शकतो, त्यासाठी रिटर्न साडेतीन महिने थांबवणे आम्हाला मान्य नाही.

एक कागद मात्र खरोखर आमच्याकडून राहिला आहे. तो कोणी मागितला नसला, तरी रिटर्न भरण्यापूर्वी तो लागणार. तीन जॉबवर्कवाल्यांपैकी एकाचा धंदा मे महिन्यात एकट्याचा होता तो भागीदारीत गेला. त्याचे १४ जूनचे ३८,००० रुपयांचे बिल नव्या पॅनवर आहे. पॅनचे चौथे अक्षर पाहिले की हे लगेच कळते. व्यक्तीच्या पॅनमध्ये तिथे P असतो, भागीदारी संस्थेच्या पॅनमध्ये F. व्यक्तीला १ टक्का, संस्थेला २ टक्के. आम्ही १ टक्क्याने ३८० कापले, कापायला हवे होते ७६०. आणखी ३८० रुपये पुढच्या बिलातून वळते करून चलनाने भरावे लागतील. जून ते नोव्हेंबर हे सहा महिने धरून महिन्याला १ टक्क्याने त्यावर व्याज होते जेमतेम २३ रुपये. रक्कम किरकोळ आहे, पण तशीच पाठवली तर ट्रेसेसवर कमी कपातीचा डिफॉल्ट उमटेल आणि पुन्हा दुरुस्ती रिटर्न भरावे लागेल. नव्या पॅनची आणि नव्या जीएसटी नोंदणीची प्रत या पत्रासोबत जोडली आहे. उरलेल्या दोघांचे पॅन चालू स्थितीत आहेत की आधार न जोडल्याने निष्क्रिय झाले आहेत, हे आपण तपासून कळवावे. निष्क्रिय पॅनवर कपातीचा दर २० टक्क्यांवर जातो.

भागीदारीपत्राची आणि मेहनताना ठरवणाऱ्या पुरवणी कराराची प्रतही जोडली आहे. भांडवलावरचे व्याज आमच्याकडे फक्त ३१ मार्चला खात्याला जमा होते, त्यामुळे या दोन तिमाहींत त्यावर कपात येत नाही. आपले मत वेगळे असेल तर लेखी कळवावे.

कोणते रिटर्न आधी भरायचे, यावर आमचा विशेष आग्रह आहे. आपल्या कार्यालयातून सांगण्यात आले की पहिली तिमाही झाल्याशिवाय दुसरीला हात लावता येणार नाही. आमचे म्हणणे नेमके उलट आहे. कलम २३४ई प्रमाणे उशिराचे शुल्क रोज २०० रुपये लागते, पण ते त्या तिमाहीच्या टीडीएसपेक्षा जास्त होऊ शकत नाही. वरचे ३८० धरून पहिल्या तिमाहीचा टीडीएस २०,०२० रुपये होतो. १ ऑगस्टपासून मोजले तर ८ नोव्हेंबरला १०० दिवस झाले, म्हणजे २०,००० रुपये, आणि ९ तारखेला मर्यादा गाठली गेली. आज भरले काय किंवा आठ दिवसांनी भरले काय, शुल्क तेवढेच. दुसऱ्या तिमाहीचे शुल्क मात्र रोज वाढते आहे. आजपर्यंत १७ दिवसांचे ३,४०० रुपये झाले, २८ तारखेपर्यंत थांबलो तर ५,६०० होतील.

दंडाचा मुद्दा याहून मोठा आहे. कलम २७१एचखाली दंड १०,००० रुपयांपासून १ लाखापर्यंत आहे. पूर्वी कर, शुल्क आणि व्याज भरून वर्षाच्या आत रिटर्न दिले तर तो लागत नसे. या १ एप्रिलपासून ती सवलत एका महिन्यावर आली आहे. आपल्या कार्यालयात अजून जुन्या वर्षभराच्या सवलतीवरच विसंबून काम चालले आहे, अशी आम्हाला शंका आहे. पहिल्या तिमाहीचा महिना ऑगस्टअखेर गेला. दुसऱ्या तिमाहीचा ३० नोव्हेंबरपर्यंत आहे, आणि तो रविवार आहे. म्हणून दुसऱ्या तिमाहीचे २६क्यू शुल्कासह आधी जावे आणि पहिल्या तिमाहीचे लगेच त्याच्या मागे. रिटर्न तयार करताना शेवटच्या स्वीकारलेल्या रिटर्नचा टोकन क्रमांक मागितला जातो. तो गेल्या वर्षीच्या चौथ्या तिमाहीचा आहे आणि आपल्या फाइलमध्ये आहे. दुसऱ्या तिमाहीचे सर्व कागद ९ ऑक्टोबरला दिलेले आहेत.

जीएसटीमध्ये एकच गोष्ट जिवाला लागून आहे. सातपूरच्या एका टूल पुरवठादाराचे फेब्रुवारी २०२५ चे बिल आहे. माल ८३,००० रुपयांचा, त्यावर १८ टक्क्यांनी कर १४,९४० रुपये. पुरवठादाराने ते चुकून आमच्या जीएसटी क्रमांकाशिवाय, बी-टू-सीमध्ये दाखवले. त्यामुळे ते आमच्या जीएसटीआर-२बीमध्ये कधी आलेच नाही. सरलेल्या आर्थिक वर्षाच्या बिलांचे क्रेडिट ३० नोव्हेंबरनंतर घेता येत नाही. आपले नोव्हेंबरचे ३बी डिसेंबरात भरले जाणार, म्हणजे ऑक्टोबरचे ३बी हीच शेवटची संधी. एकदा भरलेले ३बी दुरुस्त करता येत नाही. पुरवठादार म्हणतो की त्याने ऑक्टोबरच्या जीएसटीआर-१मध्ये दुरुस्ती केली. त्याने ते ११ तारखेच्या आत भरले असेल तर १४ नोव्हेंबरच्या आमच्या २बीमध्ये बिल दिसायला हवे. आपण ते २बी आजच उतरवून घेऊन हे एक बिल शोधावे. बिल असेल तर क्रेडिट घेतल्याशिवाय ३बी पाठवू नये. जुळवणीला वेळ लागून २० ऐवजी २२ तारीख झाली तरी आमची हरकत नाही. रोजचे ५० रुपये आणि रोखीने भरायच्या करावरचे व्याज आम्ही सोसू, पण १४,९४० रुपये गेले तर कायमचे गेले. बिल नसेल तर तेही लगेच सांगावे, म्हणजे पुरवठादाराच्या थकीत देण्यातून ही रक्कम रोखता येईल.

आमच्या मागण्या अशा आहेत. बुधवार, १९ नोव्हेंबरपर्यंत तिन्ही विवरणपत्रांची स्थिती ईमेलने कळवावी आणि आमच्याकडून आणखी कोणता कागद हवा असेल तर त्याचे नाव आणि कालावधी त्यात लिहावा. "भरले आहे" एवढे उत्तर आम्ही धरणार नाही. २६क्यू भरले असेल तर त्याचा १५ अंकी टोकन क्रमांक असतो, जीएसटीचा एआरएन असतो. तो क्रमांक आणि पावतीची प्रत पाठवावी. रिटर्न गेल्यावर ट्रेसेसवर डिफॉल्टविना प्रक्रिया झाली का, हे पाहून १६ए उतरवून द्यावेत.

पहिल्या तिमाहीचे कागद १२ जुलैला, मुदतीच्या १९ दिवस आधी आपल्याकडे होते. ३८० रुपयांची चूक आमची आहे आणि ती आम्ही भरू. पण २०,०२० रुपयांचे शुल्क आपल्या कार्यालयाच्या दिरंगाईने लागले आहे. कायद्याने ते आम्हालाच भरावे लागेल आणि आम्ही ते भरू, परंतु तेवढी रक्कम आपल्या या वर्षीच्या फीमधून वजा व्हावी, ही आमची स्पष्ट मागणी आहे.

१९ तारखेपर्यंत उत्तर न आल्यास २० तारखेला सकाळी आमचा माणूस आपल्या कार्यालयात येईल. आमच्या भागीदाराची डिजिटल सही, टॅली डेटाची प्रत आणि पोर्टलचे पासवर्ड त्याच्याकडे द्यावेत, म्हणजे ही तिन्ही विवरणपत्रे दुसरीकडून वेळेत भरता येतील.

कळावे,

आपले,
भागीदार (हिशेब विभाग)
अंबड, नाशिक

सोबत : नव्या पॅनची व जीएसटी नोंदणीची प्रत, भागीदारीपत्र व पुरवणी करार, १४ जूनचे जॉबवर्क बिल, ७ जुलैची नोंद असलेला बँकेचा उतारा, टूल पुरवठादाराचे फेब्रुवारीचे बिल.