विषय: सामना सुरू असताना सेट-टॉप बॉक्समुळे इंटरनेटचा वेग निम्म्याहून खाली जाण्याबाबत

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय,

मी आपला ५० एमबीपीएसचा ब्रॉडबँड प्लॅन वापरतो आणि टीव्हीही आपल्याच दोन सेट-टॉप बॉक्सवर पाहतो. मोठा सामना असला की घरातले इंटरनेट रखडते. माझी आधीची तक्रार आपण "सामन्याच्या वेळी नेटवर्कवर गर्दी असते" असे लिहून बंद केली. हे कारण मला मान्य नाही. का नाही, ते खाली लिहितो.

वायफायचा संशय उरू नये म्हणून मी वायफाय बंद केले, एकच संगणक केबलने राउटरला जोडला आणि सामना चालू असतानाच वेग मोजला. दोन्ही बॉक्सची वायर सॉकेटमधून काढली, तेव्हा वेग ४६ मिळाला. एका बॉक्सवर साधे एचडी चॅनेल लावले, तो ३८ वर आला. त्याच बॉक्सवर सामन्याचे फोर-के चॅनेल लावले, तो २१ झाला. दुसऱ्या बॉक्सवर वेगळे एचडी चॅनेल लावल्यावर तर जेमतेम १३ उरला. दोन्ही बॉक्सची वायर पुन्हा काढल्यावर थोड्याच वेळात, सामना रंगात असतानाच, वेग परत ४६. बाहेर गर्दी असती तर माझ्या बॉक्सची वायर काढून ती हटली नसती.

आणखी एक गोष्ट ताडून पाहिली. दोन्ही बॉक्सवर सामन्याचे तेच चॅनेल लावले, तर वेग २१ वरच राहतो, आणखी घटत नाही. कारण आपले टीव्ही चॅनेल मल्टिकास्टने येते. एकाच चॅनेलची एकच प्रत लाइनवरून येते आणि राउटर ती दोन्ही बॉक्सना देतो. चॅनेल वेगळे झाले की दुसरी प्रत सुरू होते. वेगाचे आकडे याच हिशेबाने हलतात, म्हणून कारण बॉक्सच आहे याबद्दल मला शंका नाही.

टीव्हीच्या डेटाला प्राधान्य का देतात, हे मला समजते. थेट प्रक्षेपणात हरवलेले पॅकेट पुन्हा मागवायला वेळ नसतो. ते वेळेत आले नाही तर चित्र फुटते. त्यामुळे टीव्हीचा डेटा आधी जातो आणि उरलेली जागा इंटरनेटला मिळते. माझी हरकत प्राधान्याला नाही. टीव्हीची जागा आपण माझ्या ५० मधूनच कापता, याला आहे. त्याची झळ घरातल्या प्रत्येकाला बसते. व्हिडिओ कॉलवर समोरच्यांना माझा आवाज स्वच्छ ऐकू जातो, पण त्यांचा मला तुटक येतो, कारण टीव्ही फक्त डाउनलोडची बाजू अडवतो. कामाच्या बैठकीत मला तेच तेच प्रश्न पुन्हा विचारावे लागतात. मुलांचा ऑनलाइन वर्गही असाच अडकत चालतो.

लाइनच कमी पडते म्हणावे, तर तेही खरे दिसत नाही. राउटरच्या डीएसएल पानावर चालू वेग ५० दिसतो, पण `Attainable Rate` समोर ७८ आहे. म्हणजे तारेची क्षमता शिल्लक आहे आणि ५० ची मर्यादा आपण प्रोफाइलमध्ये घातलेली आहे. सगळी शिल्लक वापरली तर लाइन अस्थिर होईल, हे मान्य. पण त्यातून सामन्याच्या चॅनेलला पुरेल इतकी, म्हणजे सुमारे २५ ची, जागा काढता येते का, हे आपण तपासलेलेच नाही.

सर्वात खटकणारी बाब शेवटी. रिमोटने बॉक्स बंद केला तरी वेग परत येत नाही. लाल दिवा लागतो, पण लाइनवरून कोणती चॅनेल घेतली जात आहेत हे दाखवणाऱ्या राउटरच्या आयजीएमपी यादीत त्या चॅनेलचा २३९ ने सुरू होणारा पत्ता तसाच राहतो. बॉक्स चॅनेल सोडतच नाही. टीव्ही कोणी पाहत नसतानाही माझी निम्मी लाइन अडकून पडते. वायर काढली, की थोड्याच वेळात तो पत्ता यादीतून जातो.

माझी मागणी अशी: माझ्या लाइनचे प्रोफाइल बदलून टीव्हीची जागा ५० च्या वर, वेगळी द्या. लाइनची चाचणी घेऊन ते जमत नसेल, तर फोर-के चॅनेल चालू असताना इंटरनेटला किमान किती वेग मिळेल, तो आकडा करारात लिहा आणि दंड न लावता मला खालच्या प्लॅनवर जाऊ द्या. स्टँडबायमध्ये चॅनेल सोडण्याची दुरुस्ती बॉक्सच्या सॉफ्टवेअरमध्ये कधी येणार, तेही कळवा. तोवर सामन्याचे चॅनेल आपोआप फोर-केमध्ये न उघडता एचडीमध्ये उघडेल, अशी सोय करून द्या.

वेगचाचणीची आणि राउटरच्या दोन्ही पानांची छायाचित्रे सोबत जोडली आहेत. तंत्रज्ञ पाठवणार असाल तर सामना चालू असतानाच पाठवा; एरवी त्याला सगळे ठीकच दिसेल. "गर्दी" हे कारण देऊन ही तक्रार पुन्हा बंद करू नये आणि उत्तर लेखी द्यावे, ही विनंती.

आपला,
एक ग्राहक