बस्त्याला आलेली माणसं आणि पहिला शब्द

प्रिय सुमे,

तुझं पत्र मिळालं, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवरचा तो लांबलचक मेसेज, मी त्याला पत्रच म्हणते. सासऱ्यांच्या साडीच्या दुकानात आता तू गादीवर बसणार हे वाचून खूप बरं वाटलं गं. तू विचारलंस की एकदम सात-आठ माणसं आत शिरली की आधी बोलायचं कुणाशी, कारण सगळे एकदम बोलतात आणि तुला काही सुचत नाही. फोनवर सांगण्यासारखं नाही हे, म्हणून सविस्तर लिहितेय. बस्त्याचंच घेते, कारण त्यात सगळ्यात जास्त गोंधळ असतो, एकदा ते जमलं की बाकीची गिऱ्हाइकं सोपी जातात.

समज दारातून नवरी, तिची आई, बाबा, आजी, एक मावशी आणि सोबत मुलाकडच्या दोघी, म्हणजे विहीणबाई आणि त्यांची जाऊ, असे सगळे आले. पहिलं वाक्य सगळ्यांना मिळून, "या या, बसा", आणि हे म्हणताना उठून उभं राहायचं, बसल्या बसल्या म्हटलेलं "या" कुणापर्यंत पोचत नाही. मग नजर सगळ्यात वयस्कर माणसाकडे. आजींना आधी बसायला द्यायचं, आणि गुडघे दुखत असतील तर गादीवर नाही, खुर्ची द्यायची. पाणीही त्यांच्यापासून सुरू करायचं. आजींना मान दिला की मुलाकडचे रुसत नाहीत आणि मुलीकडचेही नाहीत, कारण तो वयाचा मान असतो. विहिणींपासून सुरुवात केलीस तर मुलीच्या मावशीला खटकतं, मुलीच्या आईपासून केलीस तर विहीणबाई गप्प होतात आणि त्या गप्प झाल्या की पुढचे दोन तास कुठलीच साडी पसंत पडत नाही.

तुमच्याकडे आल्या आल्या हळदीकुंकू लावायची पद्धत असेल तर एक कर, सगळ्या बायकांना लाव नाहीतर कुणालाच लावू नको. आजी किंवा मावशी एकट्या असतील, त्यांना वगळून करंडा पुढे सरकला की त्यांचं तोंड कसं होतं ते मी पाहिलंय, मला ते सहन होत नाही. आमच्या दुकानात आता सगळ्यांना लावतात, आणि कुणी स्वतःहून नको म्हटलं तर हसून पुढे जातात.

आता प्रश्न. "काय दाखवू?" असं विचारू नको, त्यावर सात उत्तरं येतात. "नवरी कोण?" असं विचार. याचं उत्तर एकच असतं, सगळ्यांना ते द्यायला आवडतं, आणि तुझा अंदाजही चुकत नाही, नाहीतर मोठ्या बहिणीला आई समजून बोलायचं आणि मग सावरत बसायचं. हाकेचंही तसंच, पस्तिशीतल्या बाईला काकू म्हणू नको, ताई म्हण, ताई कुणाला लागत नाही. त्यानंतर "आधी शालू बघूया की मानपानाच्या?" हे विचार आणि गप्प राहून बघ. उत्तर देण्याआधी सगळे ज्या बाईकडे बघतात, ठरवणारी तीच. पुष्कळदा पर्समध्ये यादी तिच्याकडेच असते. पैसे देणारा माणूस वेगळा असू शकतो, बाबा मागे खुर्चीत बसून असतात, त्यांना चहा दे आणि नीट बोल, पण पैठणी त्यांच्यापुढे उलगडू नको.

माझं मत विचारशील तर शालू आधी. नवरी ताजी असते तोवर तिच्या अंगावर चार साड्या लावून होतात, नंतर ती दमते आणि "आई तूच बघ" म्हणते, मग लग्नात तिला नको असलेला रंग नेसावा लागतो. आणि मानपानाच्या पंचवीस-तीस साड्या काढायला मावशी आणि जाऊबाईंना दुसऱ्या सेल्समनकडे बसव, म्हणजे घोळका आपोआप दोन जागी होतो आणि कुणाला असं वाटत नाही की आपल्याला बाजूला काढलं.

बजेट किती हे सगळ्यांसमोर कधीच विचारायचं नाही. आमच्याकडे बरेचदा नवरीचा शालू मुलाकडचे घेतात आणि मुलाकडच्या मानपानाच्या साड्या मुलीकडचे, म्हणजे आकडा कुणीही बोललं तरी समोरच्याला ऐकू जातो आणि दोन्हीकडून अवघड होतं. मी काय करते, ४ हजारांची सेमी पैठणी, १२ हजारांची आणि २० हजारांची अशा तीन साड्या शेजारी शेजारी उलगडते, किंमत तोंडाने सांगत नाही, चिठ्ठी वर ठेवते. ठरवणारी बाई चिठ्ठी बघते, एका पदरावर हात फिरवत राहते आणि बाकीच्या दोन नकळत जरा मागे सरकवते. तिथेच रेंज कळली. मग त्याच्या आसपासच्याच काढ, वरच्या काढल्यास तर अडचण करतेस त्यांची. आणि सेमी असेल तर सेमीच सांग हं, मशीनवरची असेल तर तसं सांग, येवल्याची हातमागाची म्हणून खपवलेली साडी दोन्ही घरांत भांडण लावते.

शालू नवरीच्या खांद्यावर लावलास की आधी तिला आरशात बघू दे. सगळ्यांनी मतं द्यायच्या आधी तिच्याकडे बघ. मुली अशा वेळी मोठ्यांसमोर नाही म्हणत नाहीत, पण पसंत नसेल तर ती आरशातून लगेच आईकडे बघते, आणि पसंत असेल तर पदर नीट करते. नीट करत असेल तर साडी घडी घालून बाजूला ठेव आणि दारापाशी उजेडात एकदा दाखव, ट्यूबलाइटखाली राणी आणि डाळिंबी सारखेच दिसतात.

आजींना विसरू नको यात. त्यांना कमी ऐकू येत असेल तर सगळे त्यांच्या डोक्यावरून बोलत असतात. शेजारी बसून विचार, "आजी, तुम्हाला नऊवारच लागेल ना?" नऊवारी म्हणजे सव्वाआठ मीटर, सहावारी साडेपाच, त्यामुळे स्टॉकच वेगळा असतो, हे आधी कळलं तर शेवटी धावपळ होत नाही, आणि त्यांना आपल्यासाठीही कुणी विचारलं असं वाटतं.

आता हे सगळं चालू असताना दारात अजून कुणी आलं तर? मान वर करून "या ताई, बसा" एवढं तरी म्हणायचंच, हात कितीही अडकले असले तरी. तिला फक्त फॉल हवा असेल, साडीच्या रंगाचा, तर बस्त्याच्या बाईला सांगायचं, "काकू, दोन मिनिटं, यांना फक्त फॉल द्यायचाय," आणि खरंच दोन मिनिटांत परत यायचं. काकूंना विचारलंस म्हणून त्या कधी नाही म्हणत नाहीत. पण तिला पैठणी बघायची असेल तर "पाच मिनिटांत येते" असं खोटं सांगू नको, बस्ता अजून दीड तास चालणार तुलाही माहितीय, तिला दुसऱ्या सेल्समनकडे दे किंवा सरळ सांग की चारनंतर आलात तर मी स्वतः बसून दाखवते. चारनंतर येतात गं त्या, मी बघितलंय.

मानपानाच्या साड्यांचे गठ्ठे कसे लावायचे ते मात्र लिहून कळणार नाही, फोटो पाठवते. तुळशीचं लग्न होऊन सराई सुरू व्हायच्या आत एकदा इकडे येऊन जा, दोन दिवस माझ्याबरोबर गादीवर बस. सासऱ्यांना नमस्कार सांग.

तुझी,
वैशू