घशाची फेरतपासणी हवीच

महोदय,

गोनोरिया म्हणजेच परमा या लैंगिक आजारावर सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन या प्रतिजैविकाचे एक इंजेक्शन घेतले आणि लघवीची जळजळ थांबली, की रुग्ण परत फिरकत नाही. घशातला संसर्ग मात्र बहुधा लक्षणे दाखवतच नाही आणि तो बरा होणेही अधिक अवघड. २०१८ मध्ये इंग्लंडमधल्या एका रुग्णाचा जंतू या औषधाला दाद देईना. त्याच्या घशात तो टिकून होता, हे फेरतपासणीमुळेच कळले. अखेर अर्टापेनेम हे दुसरे प्रतिजैविक शिरेतून ३ दिवस द्यावे लागले.

म्हणून उपचारानंतर ७ ते १४ दिवसांनी घशाचा स्वॅब पुन्हा घ्यायलाच हवा. फार घाई केली तर मेलेल्या जंतूंचे अंशही पीसीआरमध्ये सापडतात. अहवाल पॉझिटिव्ह आला तर जंतू वाढवून तपासण्याची कल्चर चाचणी करावी, नाहीतर कोणते औषध लागू पडेल हे कळणार कसे? डॉक्टरांनी फेरतपासणीची तारीख केसपेपरवरच लिहून द्यावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे