मुलांचं दुःख उशिरा सुरू होतं

महोदय,

जोडीदार गेल्यावर उतारवयात नवी सोबत शोधणाऱ्यांसाठीचा, कालच्या पुरवणीतला ‘नव्या सोबतीची वाट’ हा लेख वाचला. मांडणी सुबक, सल्ले नेटके. आधी दुःखाच्या पाचही पायऱ्या पार करा, मग मुलांना एकत्र बसवून नव्या सोबत्याशी ओळख करून द्या आणि अपराधी वाटलं तर दिवंगत जोडीदाराचे फोटो थोडे दिवस आत ठेवा. इतकं शिस्तीत सगळं होत असतं तर लेखाची गरजच काय होती?

नकार, राग, घासाघीस, खिन्नता आणि स्वीकार या त्या पाच पायऱ्यांचं आधी सांगते. मनोविकारतज्ज्ञ एलिझाबेथ क्युब्लर-रॉस यांनी त्या १९६९ साली मांडल्या, त्या स्वतःचा मृत्यू समोर दिसणाऱ्या रुग्णांशी बोलून. मागे उरणाऱ्यांच्या गळ्यात त्या नंतर पडल्या. मी कुठल्या पायरीवर आहे हे शोधत बसायला मला कधी सवड मिळाली नाही.

ह्यांना स्मृतिभ्रंश होता. आधी नावं गेली, मग खोल्या कुठल्या कुठे ते गेलं आणि एका रात्री त्यांनी मला, ‘बाई, तुम्ही तुमच्या घरी कधी जाणार?’ असं अगदी आदबीनं विचारलं. त्या रात्री मी रडले ते नवरा गेला म्हणूनच रडले. प्रत्यक्ष मृत्यू त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आला. एरिक लिंडेमन या मनोविकारतज्ज्ञानं १९४४ मध्येच अशा आगाऊ शोकाबद्दल लिहिलं होतं. नवरा युद्धावरून परतणारच नाही असं धरून एका बाईनं मनातल्या मनात त्याचा सगळा शोक करून टाकला. तो जिवंत परतला तेव्हा तिच्या मनात त्याच्यासाठी काही उरलेलं नव्हतं. आमच्या शुश्रूषा करणाऱ्यांच्या गटात समुपदेशक बाईंनी हे सांगितलं तेव्हा कितीतरी जण खाली मान घालून बसले होते.

मुलांचं मात्र तसं नव्हतं. ती भेटीला येत तेव्हा हे बिचारे सगळा जीव एकवटून हसत, मान डोलवत. मुलांच्या लेखी बाबा शेवटपर्यंत होते. त्यामुळे त्यांचं दुःख सुरू झालं ते मृत्यूच्या दिवशी, आणि त्याच सुमारास माझं ओसरत आलं होतं. मी नव्या सोबत्याबद्दल सांगितलं तेव्हाचा ‘इतक्यात?’ हा मुलाचा प्रश्न मला जिव्हारी लागला, पण त्याच्या बाजूनं तो बरोबरच होता. लेखात या तफावतीबद्दल एक ओळ नाही. आहे ते ‘आजची मुलं स्वार्थी झाली आहेत’ हे ठरलेलं पालुपद.

मी दोघांनाही वेगवेगळं सांगितलं, ते गृहस्थ समोर नसताना. नव्या माणसासमोर मुलांना एक तर गोड बोलावं लागतं, नाही तर उठून जावं लागतं. मुलगी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘आई, बाबा असतानाच का गं?’ आमची ओळख त्या गटातलीच, त्यांची पत्नीही त्याच आजारानं गेलेली, म्हणजे शंका यायला जागा होती. मी चिडले नाही. तेव्हा ओळख होती, ती औषधांच्या वेळा नि झोपेच्या तक्रारींपुरती, हे सरळ सांगितलं. मुलाला घराची काळजी होती. त्यात स्वार्थ कसला? मृत्युपत्रात काय लिहिलंय ते दाखवलं, लग्न करणार नाही, दोघं आपापल्या घरीच राहू, हेही सांगितलं. त्यानंतर त्याचा आवाज खाली आला. राग गेला असं म्हणणार नाही.

राहिला अपराधीपणा. त्या गृहस्थांबरोबर पहिल्यांदा नाटकाला गेले आणि घरी येऊन कुलूप उघडताना पोटात खड्डा पडला. वाटलं, ह्यांच्याशी प्रतारणा केली. पण नीट पाहिलं तर तो सल नाटकाचा नव्हताच. हे गेले त्या पहाटे मला सर्वांत आधी वाटलं होतं ते ‘सुटलो दोघंही’. मी ते कुणापाशी बोलले नव्हते, म्हणून ते असं भलत्या दारानं बाहेर पडलं. फोटो आत ठेवून हे कसं जाणार? आमच्याकडे फोटो भिंतीवरच आहे, आणि ते गृहस्थ त्यांच्या पत्नीबद्दल मनमोकळं बोलतात. ज्या दिवशी त्यांना त्याची चोरी वाटेल, त्या दिवशी मी भेटणं बंद करीन.

जाता जाता, साठीच्या पुढच्यांसाठीची पुरवणी इतक्या बारीक टायपात कोण छापतं? शब्दकोड्याचे चौकोन तर भिंगातूनही दिसत नाहीत.

पत्र छापलंत तर नाव छापू नये. मुलीची हरकत नाही, मुलाची अजून आहे.

आपली,
एक जुनी वाचक