साडेतीनचा मेसेज

काकू, सप्रेम नमस्कार.

घरी येऊन आभार मानायला गेलो तर तुम्ही चहा टाकायला उठाल आणि विषय तिथेच संपेल. म्हणून चारचौघांत लिहितोय.

दांडिया बाजारातल्या आम्हा डिलिव्हरीवाल्या पोरांना तुम्ही रोज व्हॉट्सॲपवर एक इंग्रजी वाक्य पाठवता, देवनागरीत, खाली तुमच्या आवाजातली क्लिप. वेळ दुपारी साडेतीनची, तीही आम्हाला विचारून ठरवलेली. जेवणाच्या ऑर्डरी ओसरलेल्या, संध्याकाळच्या सुरू व्हायच्या, गाडी सावलीत लावून निवांत ऐकता येतं.

वडोदऱ्यात हिंदी-गुजरातीवर बहुतेक काम निभतं. अडतं ते युनिव्हर्सिटीतली परदेशी मुलं राहतात त्या फतेगंजच्या बाजूला, नाहीतर दक्षिणेकडून नोकरीला आलेल्यांच्या सोसायट्यांत. तुमचं पहिलं वाक्य, "आय ॲम ॲट द मेन गेट," आम्हाला लगेच पाठ झालं. पंचाईत पुढे व्हायची. पलीकडून भराभर काहीतरी उत्तर यायचं, फोन कट, आणि पार्सल हातात घेऊन आम्ही गेटवर उभे.

हे कानावर घातल्यावर तुम्ही पद्धतच फिरवलीत. आमचं वाक्य एक आणि त्याला येऊ शकणारी उत्तरं तीन: "लीव्ह इट विथ द गार्ड," "कम अप, थर्ड फ्लोअर," "वेट, आय ॲम कमिंग डाउन." क्लिपमध्येही ती तुम्ही मुद्दाम घाईघाईत, अर्धी गिळून म्हणता, कारण गिऱ्हाईक काही शाळेतल्या बाईंसारखं बोलत नाही. दुसऱ्या दिवशी नवं काही नाही, नुसता आवाज आणि एक सवाल: गार्डकडे द्यायचं, वर जायचं की थांबायचं? आम्ही १, २ किंवा ३ लिहून पाठवायचं. ज्याचं चुकेल त्याला तेच उत्तर दोन दिवसांनी पुन्हा, मग आठवड्याने.

याचा उपयोग कसा झाला ते सांगतो. परवा फतेगंजला एकाने फोनवर सांगितलं, "जस्ट लीव्ह इट विथ द गार्ड." कळलं बरोबर, पण ऑर्डर कॅशची. गार्डकडे ठेवली असती तर रात्री हिशेबात पैसे माझ्या खिशातून गेले असते. तुमचं वाक्य तोंडात तयार होतं: "सर, इट्स अ कॅश ऑर्डर. प्लीज पे ऑनलाइन, देन आय विल लीव्ह इट." त्याने तिथल्या तिथे पैसे पाठवले. माझ्या फोनवर जमा झाल्याचं दिसल्यावरच पार्सल गार्डच्या हातात दिलं.

वस्तू कमी निघाली, रिफंड हवा, अशा भांडणात मात्र एका वाक्याने भागत नाही. तिथे वाद न घालता "प्लीज चेक विथ सपोर्ट इन द ॲप" म्हणून बाजूला व्हा, हे तुम्ही स्पष्ट सांगितलंत ते बरं केलंत. नाहीतर आमच्यातले काही जण नव्या इंग्रजीच्या जोरावर भांडायला निघाले होते!

आता एक मागणी. पावसाळ्यात विश्वामित्रीचं पाणी चढलं की रस्ते बंद होतात. पाण्यामुळे गाडी पुढे जात नाही, तुम्ही मोठ्या रस्त्यापर्यंत याल का, हे कसं सांगायचं आणि त्यावर काय काय उत्तरं येतील, ते जूनच्या आधी पाठवा.

तुमचा,
दांडिया बाजारातला एक रायडर