गाणी ज्यांची, गोष्ट त्यांची

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी याच्यावरचा ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ हा सिनेमा बघताना शेवटी तुझे डोळे भरून आले, हे वाचून बरं वाटलं. माझंही तेच झालं होतं. पण पुढे तू लिहिलं आहेस, “मरण समोर दिसत असताना हा माणूस लाइव्ह एडला उभा राहिला,” आणि हे वाक्य काही मला सोडवत नाही. कारण तसं घडलंच नाही.

लाइव्ह एड ही आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठीची मैफल झाली १३ जुलै १९८५ रोजी, लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियमवर. फ्रेडीच्या एड्सचं निदान, त्याचा जोडीदार जिम हटन याने सांगितल्याप्रमाणे, १९८७ मध्ये झालं. बँडमधल्या बाकी तिघांना तर ते त्याच्याही नंतर कळलं. सिनेमात मात्र वेम्ब्लीच्या आधी, तालमीच्या वेळी, तो तिघांना सगळं सांगतो. एवढी मोठी गोष्ट मागे का ओढली असेल, याचा मी बराच विचार केला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा सिनेमा शेवटाकडून सुरुवातीकडे रचलेला आहे, असं धरून चाल. शेवट ठरलेला होता: वेम्ब्ली. ती मैफल म्हणजे सगळं परत मिळवण्याचा क्षण करायचा, तर आधी सगळं गमावलेलं हवं. बँड पुन्हा एकत्र यायचा, तर आधी तो फुटायला हवा. म्हणून सिनेमात फ्रेडी एकट्याच्या रेकॉर्डसाठी मोठा करार करतो, बाकीच्यांना सोडून जातो आणि वर्षानुवर्षं कुणी कुणाशी बोलत नाही.

आता खरा क्रम बघ. ड्रमर रॉजर टेलरची स्वतःची रेकॉर्ड आली १९८१ मध्ये. गिटारवादक ब्रायन मेची आली १९८३ मध्ये. फ्रेडीची १९८५ मध्ये, म्हणजे दोघांनंतर. आणि क्वीन फुटला नव्हताच. १९८४ मध्ये ‘द वर्क्स’ हा अल्बम आला, मग मोठा दौरा झाला, आणि लाइव्ह एडच्या दोनच महिने आधी ते जपानमध्ये वाजवत होते. वेम्ब्लीवर ते इतके सहज, इतके एकजीव का दिसतात? कारण दौऱ्यात हात चांगला बसलेला होता, आणि वाट्याला आलेल्या वीसेक मिनिटांसाठी त्यांनी लंडनच्या शॉ थिएटरमध्ये घड्याळ लावून तालमी केल्या होत्या. ही तयारी मला सिनेमातल्या समेटापेक्षा जास्त भावते.

तू म्हणशील, दोन तासांत पंधरा वर्षं बसवायची तर थोडं इकडचं तिकडे होणारच. मान्य आहे. ‘वी विल रॉक यू’ हे गाणं १९७७ चं असून सिनेमात ते १९८० मध्ये, फ्रेडीला मिशा आल्यावर तयार होताना दिसतं. बास गिटार वाजवणारा जॉन डीकन बँडमध्ये १९७१ मध्ये आला, तरी सिनेमात तो पहिल्या कार्यक्रमापासून असतो. त्याने कुणाचं काही बिघडत नाही.

मला खटकतं ते वेगळंच. नाट्य हवं होतं म्हणून खोटं रचलं, असं सगळे म्हणतात. पण नाट्य तर आयतं समोर होतं. ऑक्टोबर १९८४ मध्ये क्वीनने दक्षिण आफ्रिकेतल्या सन सिटीत कार्यक्रम केले. वर्णद्वेषी राजवटीमुळे तिथे जाऊ नये, असं कलाकारांवर बंधन होतं. ते मोडल्याबद्दल ब्रिटनच्या संगीतकार संघटनेने त्यांना दंड केला आणि संयुक्त राष्ट्रांच्या काळ्या यादीत त्यांचं नाव गेलं. अमेरिकेतली त्यांची लोकप्रियताही तोवर ओसरली होती. म्हणजे वर्षभरही न होता आफ्रिकेतल्या दुष्काळग्रस्तांसाठीच्या मैफलीत उभा राहिलेला हा बँड खरोखरच नाव सावरायला उभा होता. पतन होतं, डाग होता, परतणंही होतं. पटकथा लिहिणाऱ्याला याहून काय हवं? तरी सन सिटीचा सिनेमात उल्लेखही नाही.

का नाही, ते श्रेयनामावलीत दिसतं. बँडचा मॅनेजर जिम बीच हा निर्मात्यांपैकी एक, आणि संगीताची सूत्रं ब्रायन मे व रॉजर टेलर यांच्या हाती. रॉकस्टारवरच्या सिनेमाची खरी गोम इथे आहे. लेखकावरचा सिनेमा त्याच्या पुस्तकातली ओळ न वाचताही निघू शकतो, गायकावरचा गाण्यांशिवाय निघत नाही. आणि प्रत्येक गाण्यासाठी दोन परवानग्या लागतात: एक शब्द-चाल ज्यांच्या मालकीची त्यांची, दुसरी मूळ ध्वनिमुद्रण ज्यांच्या मालकीचं त्यांची. गिटारवादक जिमी हेंड्रिक्सवर २०१३ मध्ये सिनेमा आला, तेव्हा त्याच्या वारसांनी गाणी दिली नाहीत, आणि हेंड्रिक्सच्या स्वतःच्या रचनांशिवायच तो दाखवावा लागला. हे पाहिल्यावर कुठला निर्माता हक्कदारांना दुखावेल? सन सिटीचा निर्णय चौघांचा होता. त्यातले दोघे सिनेमाच्या कामात होते.

मग दोष कुणाच्या माथी जातो? जे उत्तर द्यायला नाहीत त्यांच्या. पॉल प्रेंटर, फ्रेडीचा खाजगी व्यवस्थापक, सिनेमात सगळ्या दुराव्याचं मूळ ठरतो. त्याने पुढे १९८७ मध्ये वर्तमानपत्राला फ्रेडीच्या खाजगी गोष्टी विकल्या, हे खरं, आणि ते वाईटच. पण सिनेमात फ्रेडी त्याला लाइव्ह एडच्या आधी हाकलतो. प्रत्यक्षात तो १९८६ पर्यंत होता. प्रेंटर १९९१ मध्ये वारला. इंग्लंड-अमेरिकेत मेलेल्या माणसाच्या बदनामीचा खटला उभा राहत नाही. आणि दुसरा गेलेला माणूस, फ्रेडी, तोही १९९१ मध्येच गेला. सिनेमात माफी तोच मागतो. यापुढे सगळी गाणी चौघांच्या नावावर, ही अटही तो तेव्हाच मान्य करतो. प्रत्यक्षात तसं ठरलं ते १९८९ च्या ‘द मिरॅकल’ अल्बमच्या वेळी. एकट्याची रेकॉर्ड आधी काढणारे दोघे समोर बसलेत आणि शेवटी काढणारा क्षमा मागतोय, हा प्रसंग मला अन्यायाचा वाटतो, सुहास.

आणि हे आपण बिनबोभाट खरं मानतो, कारण वस्तू अगदी खऱ्या आहेत. वेम्ब्लीचा मंच त्यांनी बोव्हिंग्डनच्या जुन्या विमानतळावर उभारला. पियानोवर पेप्सीचे कागदी पेले आणि बिअरचे ग्लास होते तसेच मांडले. फ्रेडीची भूमिका करणाऱ्या रामी मालेकने हाताची प्रत्येक झेप मूळ चित्रफितीवरून उचलली. आवाजही बहुतेक ठिकाणी फ्रेडीचाच आहे, काही जागी मार्क मार्टेल या गायकाचा. पेला जागच्या जागी दिसला की डोळा निर्धास्त होतो, आणि मग मागचं कारण कुणी तपासत नाही.

अजून एक. फ्रेडीचं, म्हणजे मूळच्या फारोख बलसाराचं, शिक्षण आपल्या पाचगणीत, सेंट पीटर्स शाळेत झालं. ‘द हेक्टिक्स’ हा पहिला बँड तिथलाच, आणि त्यात तो पियानो वाजवायचा. झांझिबारचा पारशी मुलगा आईबापांपासून हजारो मैलांवर, सह्याद्रीतल्या वसतिगृहात पाश्चात्त्य गाणी कानाने ऐकून पियानोवर बसवतो! त्याचा एकही प्रसंग सिनेमात नाही. त्या वर्षांशी क्वीनच्या एकाही गाण्याचा संबंध नव्हता, म्हणून त्यांना जागा मिळाली नसावी, असं माझं मत.

पुढच्या वेळी असा सिनेमा बघशील तेव्हा आधी निर्मात्यांची नावं वाच, मग कोण कुणाची माफी मागतो ते बघ, आणि अल्बमची सालं पडताळ. मूळ मैफलीची चित्रफीत सहज मिळते, ती याच आठवड्यात बघून घे आणि कशी वाटली ते कळव. वहिनींना नमस्कार सांग, चिंगीला आशीर्वाद.

तुझा,
अविनाश