तिप्पट भावाचा भ्रम

मा. संपादक,
स. न.

कालच्या अर्थविषयक पानावरचा लेख वाचला. चहा गार झाला आणि डोकं गरम. लेखकमहाशय लिहितात की शेअरचा बाजारभाव पुस्तकी मूल्याच्या तिप्पट असेल, तर कंपनीने बेधडक नवा कारखाना काढावा, कारण 'क्यू' हे गुणोत्तर तेच सांगतं. मूल्यवान मार्गदर्शनाबद्दल आभार. फक्त ते तीस वर्षं उशिरा मिळालं, म्हणजे आमच्याकडे तेच ऐकून व्हायचं ते नुकसान तेव्हाच होऊन गेलं.

अर्थशास्त्रज्ञ जेम्स टोबिन यांनी 1969 साली क्यू मांडला, तेव्हा छेदात ताळेबंदातला आकडा घातला नव्हता. त्यांचा प्रश्न साधा होता: हाच कारखाना आज नव्याने उभारायचा तर किती पैसे लागतील, आणि बाजार याच कारखान्याला किती किंमत देतो? किंमत भागिले खर्च म्हणजे क्यू. किंमत खर्चापेक्षा जास्त असेल तर उभारा. कमी असेल तर उभारण्यापेक्षा तयार कारखाना विकत घेणं स्वस्त. ताळेबंदात मात्र खरेदीच्या वेळची किंमत असते, तीही घसारा वजा जाऊन उरलेली.

मी कोल्हापूरकडच्या एका फौंड्रीत कॉस्टिंग बघायचो. शेअर बाजारात नोंद असलेली कंपनी. 1994 साली बाजार तेजीत होता. आमच्या सगळ्या शेअरची मिळून किंमत 24 कोटी झाली आणि ताळेबंदातलं नक्त मूल्य होतं 8 कोटी. धाकटे मालक मुंबईहून कुणा सल्लागाराला घेऊन आले. "बाजार तिप्पट भाव देतोय, आता थांबायचं कशाला?" 12 कोटींची नवी मोल्डिंग लाइन ठरली.

मी रात्री जागून दुसरा हिशेब मांडला. 6 कोटींचं कर्ज धरलं तर बाजाराच्या लेखी अख्ख्या धंद्याची किंमत 30 कोटी. आता छेद. यंत्रं पुस्तकात 3 कोटींची होती. त्यातली निम्मी 1991 पूर्वी जर्मनीहून आलेली, पुढे रुपया पडला. तशीच, तेवढीच वापरलेली यंत्रं आणायला 18 कोटी लागले असते. शेड पुस्तकात 2 कोटी 90 लाख, बांधायला 5 कोटी. जमीन 1971 ची, पुस्तकात 10 लाख, कारण जमिनीवर घसारा नसला तरी तिची किंमतही सहसा कुणी वाढवून लिहीत नाही; शेजारच्या व्यवहारावरून तिचे 9 कोटी झाले होते. माल आणि येणी मिळून 8 कोटी, दोन्हीकडे सारखी. बेरीज 40 कोटी. तीसला चाळीसने भागा: पाऊण. तीन नव्हे!

कागद घेऊन गेलो. "तुमी खर्च बघा, बाजार आमी बघतो," हे उत्तर मिळालं. लाइन बसली. कर्जाचं व्याज 17 टक्के, लाइनची कमाई धड 9 टक्केही नाही. पुढचं सांगत नाही, पेन्शनीचा विषय निघतो.

प्रामाणिकपणे सांगायचं तर माझ्या कागदातही खोट होती. नवी लाइन आमच्याच मोकळ्या जागेवर बसणार होती, म्हणजे जमिनीचे 9 कोटी नव्याने घालायचे नव्हते. जमीन न वगळता लाइनला पाऊण लावणं चूकच. अख्ख्या कंपनीचा क्यू हा सरासरी असतो, निर्णय मात्र पुढच्या रुपयावर घ्यायचा असतो. हे दोन्ही सारखे कधी येतात, याच्या अटी अर्थशास्त्रज्ञ हायाशी यांनी 1982 साली दाखवल्या. बाजारात कडकडीत स्पर्धा हवी, आणि भांडवल व मजूर दुप्पट केले की उत्पादनही नेमकं दुप्पट व्हायला हवं. आमच्याकडे तर एकच मोठं गिऱ्हाईक होतं, ट्रकवाल्यांचं, आणि त्याची ऑर्डर दुप्पट होणार नव्हती. तेवढं विचारलं असतं तरी पुरलं असतं.

लेखकाने पुण्यातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचे दहा-बारा पटीचे आकडे देऊन टाळ्याही मिळवल्या आहेत. अहो, तिथे माणसं शिकवून तयार करायला आणि प्रोग्रॅम लिहायला आलेला बहुतेक खर्च त्या-त्या वर्षी खर्ची पडतो, मालमत्तेत दिसतच नाही. छेदच अर्धा गायब, मग भागाकार फुगणारच. त्यावरून आणखी इमारती बांधायच्या का?

ता. क. मागच्या दिवाळीत आपण माझं पत्र छापलंत, त्याबद्दल ऋणी आहे. मात्र त्यात 'घसारा' या शब्दाच्या जागी कुणीतरी 'घसरण' केलं होतं. यंत्राची घसरण होत नाही हो, जिन्यावर माणसाची होते. या पत्रात वर तो शब्द दोनदा आला आहे, कृपया हात लावू नये.

आपला,
एक निवृत्त कॉस्ट अकाउंटंट, कोल्हापूर